भाडेकराराच्या मसुद्यातल्या दोन दुरुस्त्या – शनिवारच्या आधी

साठेकाका, नमस्कार.

एजंटने काल रात्री पाठवलेला कोथरूडच्या फ्लॅटच्या कराराचा मसुदा आज निवांत वाचला. भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००, पार्किंग, एक महिन्याची नोटीस, सगळं आपलं बोलणं झालं तसंच आहे. फक्त दोन ठिकाणी चूक राहिली आहे.

पहिली तारखेची. पान २ वर मुदत '१ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६' अशी पडली आहे. ती '१ जुलै २०२५ ते ३१ मे २०२६' हवी. जूनभर तर आधीचे भाडेकरूच राहत होते, किल्ली मला २९ तारखेला मिळणार आहे. हे असंच राहिलं तर कागदोपत्री जूनचं भाडं माझ्याकडे थकल्यासारखं दिसेल, आणि तुमचाही करार एक महिना आधीच संपेल. सहा महिन्यांचा लॉक-इनही जूनपासूनच मोजला जाईल. महिने अकराच राहतात, रक्कमही तीच, त्यामुळे मुद्रांक शुल्कात फरक पडणार नाही. डिपॉझिट मिळाल्याची १४ जून ही तारीख मात्र बरोबर आहे, ती कृपया बदलू नये.

दुसरी माझ्या नावाची. मसुद्यात 'मृणाल निखिल गोखले' लिहिलंय. निखिलचं नाव सहपरवानाधारक म्हणून खाली आहे, त्यावरून एजंटने अंदाज बांधला असावा. लग्नाला चार वर्षं झाली, पण आधार आणि पॅनवर मी 'मृणाल सुधीर देशपांडे'च आहे आणि तेच नाव करारात हवं. पहिल्या पानावर, पोलिसांना द्यायच्या माहितीत आणि शेवटी फोटोखाली, अशा तिन्ही जागी ते चुकलंय. शनिवारी अंगठा लावताना आधारशी पडताळणी होईल, तिथेच अडायला नको. शिवाय गॅस आणि पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून मला हाच करार द्यायचा आहे.

मी एजंटला सकाळी फोन केला होता. 'मालकांनी सांगितल्याशिवाय मसुद्याला हात लावत नाही,' म्हणाला. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. तेव्हा तुम्ही त्याला एक निरोप द्याल का? हाच मेसेज पुढे पाठवलात तरी चालेल. आधारची प्रत सोबत जोडते आहे.

नोंदणी झाल्यावर चूक निघाली तर वेगळा चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि तुम्हाला पुन्हा नाशिकहून यावं लागेल. म्हणून शुक्रवार संध्याकाळपर्यंत सुधारलेला मसुदा आला तर आपण दोघंही एकदा वाचून घेऊ आणि शनिवारी, २८ तारखेला, ठरल्याप्रमाणे ११ वाजता भेटू.

काकूंचा गुडघा आता कसा आहे?

मृणाल देशपांडे
२४ जून २०२५