सर्किट ते पॅकेट: मोबाइल नेटवर्कच्या पिढ्यांची कोरच्या अंगाने तुलना

प्रश्न ४. १जी ते ५जी या पिढ्यांमध्ये कोर नेटवर्क कसे बदलले, याची तुलना करा. (१० गुण)

उत्तर: पिढ्या वेगावरून ओळखल्या जातात, कोरमध्ये मात्र पाहायचे ते एवढेच, की कॉलसाठी वाट किती वेळ अडवून ठेवली जाते.

१जीत (एएमपीएस, १९८३) आवाज ॲनालॉग होता. ३० किलोहर्ट्झच्या चॅनलची जोडी कॉल संपेपर्यंत एकाच ग्राहकाची.

२जी जीएसएममध्ये (१९९१) २०० किलोहर्ट्झच्या वाहकावर ८ टाइमस्लॉट आले. हवेतला १३ केबीपीएस आवाज ट्रान्सकोडर ६४ केबीपीएस पीसीएममध्ये बदलतो आणि एमएससी हा कोरमधला स्विच तो सर्किटने जोडतो. दोघे गप्प बसले तरी स्लॉट अडकलेलाच. डेटाही सुरुवातीला याच मार्गाने, ९.६ केबीपीएसने जाई. जीपीआरएसने एमएससी हटवला नाही. त्याच्या शेजारी एसजीएसएन आणि जीजीएसएन यांचा पॅकेट कोर उभा केला.

३जीचा रेडिओ नवा (५ मेगाहर्ट्झ डब्ल्यूसीडीएमए), पण ३जीपीपी मानकाच्या रिलीज ९९ चा कोर हाच जोडकोर. रिलीज ४ मध्ये एमएससीचे सर्व्हर आणि मीडिया गेटवे असे दोन भाग झाले. त्यामुळे आवाज आयपीवरून वाहू शकला, तरी कॉलची मांडणी सर्किटचीच राहिली. ‘३जीत आवाज पॅकेट झाला’ हे विधान म्हणूनच चूक. आयपीवर कॉल जुळवणारी आयएमएस यंत्रणा रिलीज ५ मध्ये आली.

खरा तुटवडा ४जीत (रिलीज ८) जाणवतो: ईपीसी या ४जी कोरमध्ये एमएमई, एस-गेटवे, पी-गेटवे आहेत, एमएससी नाहीच. मग कॉल कुठे जोडायचा? व्होल्टी, म्हणजे एलटीईवरचा पॅकेट आवाज, नसेल तर सीएस फॉलबॅक फोनला २जी किंवा ३जीवर उतरवतो. कॉल लागायला उशीर होतो तो यामुळे. व्होल्टी चालू असताना एलटीईचे कव्हरेज संपले, तर एसआरव्हीसीसी चालू कॉल सर्किटवर हलवते.

पॅकेटची किंमत हेडरमध्ये मोजावी लागते. एएमआर १२.२ हा आवाजाचा कोडेक दर २० मिलिसेकंदांना सुमारे ३२ बाइट देतो, त्यावर आरटीपी, यूडीपी आणि आयपीव्ही४ चे ४० बाइट:

```
(32 + 40) × 8 / 0.020 = 28.8 kbps
(32 + 3) × 8 / 0.020 = 14 kbps
```

दुसरी ओळ आरओएचसी या हेडर आवळण्याच्या पद्धतीने हेडर सुमारे ३ बाइटवर आणल्यानंतरची. सर्किटची हमी गेली, म्हणून आवाजाला क्यूसीआय १ या सेवावर्गाचा बेअरर, म्हणजे राखीव पॅकेट-वाट, मिळतो: हमीचा बिटरेट, १०० मिलिसेकंदांची विलंबमर्यादा. आयएमएस सिग्नलिंग क्यूसीआय ५ वर. क्यूसीआय १ चा बेअररच उभा राहिला नाही, तर आवाज इतर डेटाच्या गर्दीत सापडून तुटतो.

५जी कोरमध्ये (रिलीज १५) एएमएफ प्रवेश व गतिशीलता सांभाळतो, एसएमएफ सत्रे, तर यूपीएफ फक्त पॅकेट पुढे पाठवतो. नियंत्रण फंक्शन एचटीटीपी/२ वर सेवा म्हणून बोलतात. नॉन-स्टँडअलोनमधील पर्याय ३ मात्र ५जी रेडिओला ईपीसीच जोडतो. स्टँडअलोनमध्येही व्हीओएनआर, म्हणजे ५जी रेडिओवरचा आवाज, नसेल, तर कॉल ईपीएस फॉलबॅकने व्होल्टीवर येतो. म्हणजे एका पॅकेट कोरवरून दुसऱ्या पॅकेट कोरवर, सर्किटवर नव्हे.