चुकांची वही: आठवडा 6, राज्यसेवा पूर्व

(पहिल्या पानावरचे नियम परत लिहितेय कारण जुनं पान फाटत आलंय. वहीत फक्त तीच चूक येणार जी मला येत असूनही झाली. माहीतच नव्हतं ते नोट्समध्ये जाणार, इथे नाही. प्रत्येक चुकीपुढे प्रश्न क्रमांक आणि तेव्हा घड्याळात किती वाजले होते ते. "सिली मिस्टेक" हा शब्द वहीत लिहायचा नाही, पहिले दोन आठवडे सगळीकडे तेच लिहिलं आणि त्यातून काहीच हाती लागलं नाही. खुणा: न = प्रश्नातला "नाही" सुटला, जो = जोडीत अदलाबदल, ब = बरोबर उत्तर बदललं, घ = गणितात घाई.)

सोमवार, राज्यघटना सेक्शनल

जो. राज्य निवडणूक आयोगाचं कलम विचारलेलं, मी 243 आय टिक केलं. बरोबर 243 के. 243 आय म्हणजे राज्य वित्त आयोग. ही वहीत तिसऱ्यांदा येतेय, आठवडा 2 आणि आठवडा 4 मध्ये पण आहे. नक्की काय केलं: दोन्ही पर्याय बघून "पंचायतीचंच आहे" एवढं आठवलं आणि जो आधी दिसला तो घेतला. म्हणजे मला जोडी पाठ नाहीये, फक्त दोघं शेजारी राहतात एवढंच माहितीय.

जो. अकराव्या अनुसूचीत 29 विषय, बाराव्या अनुसूचीत 18, उलटं केलं. दोन्ही एकाच कार्डावर लिहिले, पंचायत 29, नगरपालिका 18, त्याच कार्डाच्या मागे नगरपालिकांचं पण टाकलं, वित्त आयोग 243 वाय, निवडणुका 243 झेडए. नाहीतर पुढच्या आठवड्यात ही जोडी वहीत येणार हे मला आत्ताच दिसतंय.

मंगळवार, सीसॅट

घ. जाताना ताशी 40, येताना ताशी 60, सरासरी वेग किती. 50 लिहिलं. अंतर 120 किमी धरलं असतं तर जायला 3 तास, यायला 2 तास, एकूण 240 किमीला 5 तास, म्हणजे 48. हे मी धाकट्या भावाला स्वतः शिकवलंय! प्रश्न वाचून संपायच्या आधीच डोक्यात बेरीज भागिले दोन झालेली आणि पर्यायात 50 समोरच होतं, मग पुढचं वाचलंच नाही.

बुधवार, भूगोल

न. "खालीलपैकी कोणती नदी गोदावरीची उपनदी नाही", प्रवरा, मांजरा, सीना, सिंदफणा. मी प्रवरा टिक केलं. सीना भीमेला मिळते हे मला झोपेत विचारलं तरी येतं. पेपर परत बघितला तर "नाही" हा शब्द ओळ तुटून खालच्या ओळीत एकटाच गेलेला, मी वरची ओळ वाचली आणि थेट पर्यायांवर उतरले. प्रश्न 81, घड्याळ 1 तास 41 मिनिटं.

गुरुवार: आई आलेली गावाहून, टेस्ट दिली नाही, नोंद नाही.

शुक्रवार, इतिहास

ब, चार वेळा. आज हे नीट लिहायचंय. मी आधी प्रश्नपत्रिकेवर टिक करते आणि ओएमआरवर गोल शेवटच्या दहा मिनिटांत एकदम भरते. आज गोल भरताना पाच उत्तरं बदलली, त्यातली चार आधी बरोबर होती. एक उदाहरण, दीनबंधू कोणी सुरू केलं, टिक होती कृष्णराव भालेकर, गोल भरताना वाटलं अरे लोखंडेच ना, आणि लोखंडे केलं. नारायण मेघाजी लोखंडेंनी ते नंतर मुंबईहून चालवलं, 1877 ला पुण्यात सुरू केलं ते भालेकरांनी. गोल भरताना प्रश्न परत वाचलाच नव्हता मी, नुसते पर्याय बघून बदललं. रूममेट म्हणाली, "अगं पहिलं उत्तर तू प्रश्न वाचून दिलंयस, दुसरं न वाचता देतेयस." बरोबर आहे तिचं.

उद्यापासून दर दहा प्रश्नांनी गोल भरायचे. बदलायचंच असेल तर प्रश्न पूर्ण परत वाचून आणि कारण बाजूला एका शब्दात लिहून, तेही गोल भरायच्या आधी.

शनिवार, पूर्ण पेपर 1

88 सोडवले, 60 बरोबर, 28 चूक. 120 वजा 14, म्हणजे 106. मागच्या शनिवारी 92 होते. 28 पैकी 9 येत असलेले: न 5, जो 3, घ 1. ब एकही नाही, दहा-दहाने गोल भरले त्यामुळेच.

रविवार, आढावा (सकाळी, मेसला जायच्या आधी, दीड तास)

आठवड्याच्या 17 नोंदी. न 6, जो 5, ब 4, घ 2.

आधी हिशोब. येत असलेला प्रश्न चुकला की 2 मार्क जातात आणि वर अर्धा कापला जातो, म्हणजे एकाला अडीच. कालचे 9 म्हणजे साडेबावीस मार्क. नवीन काही न वाचता हे मार्क आहेत, आणि मी मात्र आठवडाभर नवीन पुस्तक सुरू करायचं की नाही यावरच विचार करत होते.

आता "न". सहा आठवडे झाले ही खूण पहिल्या नंबरवर आहे आणि सहाही आठवडे उपाय एकच लिहिलाय, "नाही ला पेन्सिलने गोल करायचा." म्हणून आज कालची प्रश्नपत्रिका समोर ठेवून बघितलं की गोल केलेत का. पहिल्या 60 प्रश्नांत नकारार्थी प्रश्न 11, अकराच्या अकरा गोल केलेले, एकही चूक नाही. 60 नंतर एकही गोल नाही. चुकलेले पाच कुठले तर 61, 64, 72, 78, 83. बुधवारचा पण 81. आठवडा 4 पासून प्रश्न क्रमांक लिहितेय म्हणून मागची पानं पण काढली, तिथे पण दोन सोडून सगळे 60 च्या पुढचेच.

म्हणजे मला "नाही" दिसत नाही असं नाहीये, 60 व्या प्रश्नाला घड्याळात 1 तास 20 मिनिटं होतात आणि तिथून मी पळायला लागते. आणि उशीर तिथे होतच नाही, तो सुरुवातीला होतो. काल पहिले 25 प्रश्न 38 मिनिटांत केले, त्यातले दोन राज्यघटनेचे चार-चार मिनिटं धरून बसले आणि त्यातला एक तर चुकलाच. हे मला आज पहिल्यांदा दिसलं आणि खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं, कारण इतके दिवस मला वाटायचं माझं लक्षच लागत नाही, मी या परीक्षेसाठी बनलेलेच नाही वगैरे.

तर पेन्सिलच्या गोलाचा उपाय आज खोडला. नवीन उपाय, 25 व्या प्रश्नाला घड्याळ 30 मिनिटांच्या आत, 50 ला 60 च्या आत. दीड मिनिटात सुटला नाही तर फुली मारून पुढे, तो कितीही ओळखीचा वाटला तरी.

जो: पाचही कार्डं झाली. ही जोडीनेच विचारायची, भाऊ रोज रात्री फोनवर विचारणार आहे, त्याला फोटो पाठवलेत.

घ: दोनच आहेत, या आठवड्यात काही करत नाही. एका वेळी दोनच गोष्टी हा नियम आठवडा 3 ला मोडला होता, सात उपाय लिहिले आणि एकही पाळला गेला नाही.

हिरवी रेघ (तीन आठवडे परत न आलेली चूक): प्रार्थना समाज 1867 आणि सार्वजनिक सभा 1870 ची अदलाबदल. विधानपरिषदेत पदवीधर एक द्वादशांश, राज्यपालनियुक्त एक षष्ठांश. दोन्हींवर आज रेघ मारली. 243 के वर मारता आली नाही.

पुढच्या शनिवारी पेपर सुरू करायच्या आधी प्रश्नपत्रिकेवर प्रश्न 25 आणि 50 च्या शेजारी आधीच 30 आणि 60 लिहून ठेवायचं. येत्या रविवारी फक्त एवढंच बघायचंय, 60 च्या पुढे "न" किती आले.