माहितीचे वर्गीकरण व हाताळणी धोरण

१. व्याप्ती

हे धोरण १ जुलैपासून सर्व विभाग, कंत्राटी कर्मचारी आणि कंपनीच्या वतीने माहिती हाताळणारे पुरवठादार यांना लागू आहे. सर्व्हरवरच्या फाइलींप्रमाणेच छापील कागद, व्हाइटबोर्डवरचे आराखडे, फोनमधले स्क्रीनशॉट आणि बैठकांची रेकॉर्डिंगही यात येतात.

२. लेबले

C1 सार्वजनिक: बाहेर जाण्यासाठी मंजूर झालेली माहिती. उदा. संकेतस्थळावरील मजकूर, उत्पादनांची माहितीपत्रके, नोकरीच्या जाहिराती. मंजुरीपूर्वीचा मसुदा C2 धरावा.

C2 अंतर्गत: रोजच्या कामाची माहिती. उदा. रजेचे नियम, प्रशिक्षणाच्या स्लाइड, विभागांच्या बैठकांची टिपणे.

C3 गोपनीय: उघड झाल्यास ग्राहकाचे, कर्मचाऱ्याचे किंवा कंपनीचे नुकसान होईल अशी माहिती. उदा. ग्राहकांची यादी, करार, पुरवठादारांचे दर, वेतनपत्रके, उत्पादनांची रेखाचित्रे, सोर्स कोड.

C4 अतिगोपनीय: नावानिशी ठरवून दिलेल्या व्यक्तींनीच पाहायची माहिती. उदा. कंपनी खरेदी-विक्रीची बोलणी, कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय अहवाल, अंतर्गत चौकशीचे कागद, प्रॉडक्शन सर्व्हरच्या ॲडमिन की.

लेबल नसलेली फाइल C2 समजावी. मात्र लेबल राहून गेले म्हणून वेतनपत्रक C2 ठरत नाही. मजकूर काय आहे हेच निर्णायक. दोन लेबलांत शंका असेल तर वरचे लावून माहितीच्या मालकाला, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुखाला, विचारावे. सगळ्यालाच C4 लावणे हीसुद्धा चूक आहे, कारण मग त्या लेबलाला कोणी जुमानत नाही.

३. एकत्र आलेली माहिती

सर्वाधिक गफलती इथेच होतात. एका ग्राहकाचा कार्यालयीन फोन नंबर C2 असू शकतो. सगळ्या ग्राहकांचे नंबर, खरेदीचा इतिहास आणि थकबाकी एका शीटमध्ये आली की ती शीट C3. फाइलीला तिच्यातल्या सर्वांत संवेदनशील भागाचे लेबल लागते, पण एकत्र केल्याने त्याहून वरचेही लागू शकते. लपवलेल्या शीट, पिव्हट टेबलमागचा डेटा आणि जुन्या कॉमेंट हाही मजकूरच आहे. शेअर करण्यापूर्वी हे तपासावे. आकडे झाकायला पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, खालचा मजकूर कॉपी करता येतो.

४. मालक आणि लेबल लावणे

प्रत्येक माहितीसंचाचा मालक त्या विभागाचा प्रमुख असतो: वेतनाचा मनुष्यबळ, दरांचा खरेदी, रेखाचित्रांचा अभियांत्रिकी. आयटी विभाग राखणदार आहे. लेबल ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. लेबल खाली आणण्यासाठी मालकाची लेखी परवानगी लागते. लेबल फाइलीच्या नावात व प्रत्येक पानाच्या तळाशी असावे, उदा.

```
C3_vetan_2025-06.xlsx
```

फाइलीच्या नावातच गुपित लिहू नये. नाव लॉगमध्ये आणि मेलच्या यादीत दिसते.

५. साठवण

C1 व C2 कंपनीच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवावी. C3 फक्त विभागाच्या मर्यादित फोल्डरमध्ये. प्रवेश गटानुसार, आणि मालकाने दर तिमाहीला ती यादी पाहून बदली झालेल्यांची नावे काढावीत. C3 साठी लॅपटॉपवर संपूर्ण डिस्क एन्क्रिप्शन आणि लॉगिनला दुसरा घटक सक्तीचा आहे. C4 साठी वेगळे एन्क्रिप्टेड स्टोअर असून प्रत्येक वाचनाची नोंद होते. पासवर्ड व की मंजूर व्हॉल्टमध्येच ठेवाव्यात. शीट, चॅट किंवा कोड रिपॉझिटरीत नाही. रिपॉझिटरीत गेलेली की नंतर पुसली तरी इतिहासात उरते, म्हणून ती त्याच दिवशी बदलावी.

वैयक्तिक मेल, वैयक्तिक क्लाउड आणि पेनड्राइव्ह C3 व C4 साठी बंद. बॅकअपला मूळ माहितीचेच लेबल लागते. चाचणीसाठी प्रॉडक्शनचा डेटा नेताना नावे आणि ओळख क्रमांक आधी बदलून घ्यावेत.

६. पाठवणे

C3 बाहेर पाठवताना गोपनीयता करार झालेला असावा आणि मुदत असलेली, नावानिशी उघडणारी लिंक द्यावी. ‘लिंक असलेला कोणीही’ ही सेटिंग चालणार नाही. एन्क्रिप्टेड जोडणी पाठवल्यास पासवर्ड दुसऱ्या मार्गाने कळवावा. C4 मेलने पाठवू नये. C3 किंवा C4 छापायचे असेल तर प्रिंटरपाशी पिन टाकूनच, आणि कागद कुलुपात.

७. नष्ट करणे

मुदत संपली की C3 व C4 कागद क्रॉस-कट श्रेडरमध्ये घालावेत. डिस्क आयटीकडे द्यावी. रीसायकल बिन रिकामी केल्याने डेटा जात नाही. एसएसडीवर चुंबकीय पद्धत निरुपयोगी असल्याने आयटीने एन्क्रिप्शन की नष्ट करावी किंवा चिप फोडावी, आणि दाखला जपावा. कायदेशीर वाद सुरू असेल तर कायदा विभाग सांगेपर्यंत काहीही नष्ट करायचे नाही.

८. चूक झाल्यास

चुकीच्या पत्त्यावर मेल गेला, लॅपटॉप हरवला, लिंक उघडी राहिली तर एका तासाच्या आत माहिती सुरक्षा प्रमुखांना फोन करावा. मेल परत खेचण्यात वेळ घालवू नये. स्वतःहून तत्काळ कळवणाऱ्यावर त्या चुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, लपवणाऱ्यावर होईल.

९. अपवाद

अपवाद मालक आणि माहिती सुरक्षा प्रमुख दोघांच्या सहीने, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळतो. C4 ला अपवाद नाही.