आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं

नमस्कार. माझ्यावर लहानपणापासून हक्काने रागावलेली सगळी माणसं आज समोर बसली आहेत, खूप बरं वाटतंय. आलात, आभार.

मला एकच रात्र सांगायची आहे. मी सातवीत होतो. आईने लग्नामुळे अर्धवट सुटलेलं बी.ए. पुन्हा करायला घेतलं होतं. त्या वर्षी आमची दोघांची परीक्षा एकाच आठवड्यात आली. बाबा दिवसभराचं काम करून दमून यायचे, पण जेवण झालं की आम्हा दोघांची पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचे. एक प्रश्न मला, एक आईला.

त्या रात्री दिवे गेले. आई म्हणाली, "राहू दे आता, नाही व्हायचं माझ्याच्याने." बाबा काही बोलले नाहीत. उठले, मेणबत्ती लावली, तिचं पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न." मी तिथेच झोपलो. पहाटे जाग आली तेव्हा मेणबत्ती संपत आली होती आणि दोघं अजून जागेच होते. आई उत्तर सांगत होती, बाबा बोटाने ओळ धरून ऐकत होते.

आई पास झाली. निकाल बाबांनीच मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

आई, बाबा, तुम्ही माझे आहात याचा मला फार अभिमान आहे.

चला, सगळ्यांनी ग्लास उंच करा. आईसाठी, बाबांसाठी, आणि त्यांच्या पुढच्या प्रत्येक वर्षासाठी. चिअर्स!