सीलबंद रव्याच्या पाकिटात किडे : बॅच क्र. बी-२०७/०३ बाबत तक्रार

दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण व ग्राहक तक्रार विभाग
(पाकिटावर छापलेल्या कारखान्याच्या पत्त्यावर, रजिस्टर पोस्टाने)

विषय : बारीक रवा, ५०० ग्रॅम, बॅच क्र. बी-२०७/०३, पॅकिंग दि. १४ मार्च २०२५, 'पॅकिंगपासून ४ महिन्यांच्या आत वापरावे', या सीलबंद पाकिटात जिवंत किडे आढळल्याबाबत.

महोदय,

मी जुळे सोलापूर येथे राहते. दि. ६ मे रोजी आमच्या नेहमीच्या किराणा दुकानातून मी आपल्या बारीक रव्याची दोन पाकिटे घेतली. एकाची किंमत ३८ रुपये, दोन्हींचे मिळून ७६. पक्की पावती सोबत जोडली आहे. दोन्ही पाकिटांवर बॅच क्रमांक आणि पॅकिंगची तारीख एकच आहे.

गुरुवारी, ८ मे रोजी सकाळी सातच्या सुमारास पहिले पाकीट फोडले. आमच्याकडे सकाळचा सांजा सासूबाई करतात. त्यांचे वय ७६, तीन आठवड्यांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्या डोळ्याचे अजून व्हायचे आहे. गहू असो, ज्वारी असो, त्या आजही हाताने चाचपून निवडतात. पाकिटातला रवा मात्र निवडत नाहीत, थेट कढईत ओततात. पाकिटातले निवडूनच आलेले असते, असे त्यांनी धरलेले असते. त्या दिवशी योगायोगाने मी शेजारी उभी होते. पाकीट कापल्याबरोबर उग्र, कुबट वास आला म्हणून मी त्यांचा हात धरला आणि रवा परातीत ओतायला लावला. रव्यात चार तांबूस किडे चालत होते. प्रत्येक साधारण तीन-चार मिलिमीटरचा, चपटा. धान्यात होतो तो सोंडेचा टोका नव्हे, पिठात होतो तो हा किडा. चाळणीने चाळल्यावर बारीक पिवळट अळ्याही निघाल्या आणि त्यांच्या काती. तुपात भाजून, वर साखर-वेलची पडली असती तर यातले काही दिसले नसते. हे सगळे सासूबाईंच्या पोटात गेले असते, या विचाराने मला आजही कसेसे होते.

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर मी त्याच दिवशी फोन केला. तिथल्या बाईंनी नम्रपणे ऐकून घेतले, पण 'घरी साठवताना किंवा दुकानात किडे शिरले असतील' असे सांगून बदली पाकीट पाठवण्याची तयारी दाखवली. या पत्राचे कारण मुख्यतः तेच उत्तर आहे.

कारण दुसरे पाकीट मी अजून फोडलेले नाही. त्याच्या पुढच्या बाजूला जी पारदर्शक पट्टी आहे, तिच्या आतून एक किडा वर चढताना दिसतो. व्हिडिओ काढला आहे, त्यात सील आणि बॅच क्रमांक दोन्ही स्पष्ट दिसतात. मी एका महिला बचत गटात काम करते. आम्ही शेंगाचटणीची पाकिटे भरतो. पाकिटाला बारीक छिद्र आहे का, हे पाहायची आमची एक साधी रीत आहे : पाकीट बादलीतल्या पाण्यात दाबून धरायचे आणि बुडबुडा येतो का बघायचे. हे दुसरे पाकीट मी दोन्ही हातांनी दाबून, उलटेसुलटे करून पाण्याखाली धरले. एकही बुडबुडा आला नाही. वरची-खालची शिवण शाबूत, मधला जोड शाबूत. पुसून, कोरडे करून ते डब्यात ठेवले आहे. बाहेरून आत शिरायला वाटच नाही, तेव्हा किडा किंवा त्याची अंडी रव्याबरोबरच आत गेली, असे मी मानते. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. उकाड्यात महिनाभरात त्यातून पूर्ण किडा तयार होतो. पॅकिंगपासून माझ्या खरेदीपर्यंत ५३ दिवस गेले, आणि सोलापूरचा एप्रिल आपण जाणता.

दुकानदारांवर माझा रोष नाही. मी दाखवताच त्यांनी त्याच बॅचची उरलेली अकरा पाकिटे कपाटातून काढून बाजूला ठेवली. ती मी स्वतः मोजली. त्यांतल्या दोन पाकिटांच्या पट्टीतही हालचाल दिसली.

मला आपल्याकडून पुढील गोष्टी हव्या आहेत. बॅच बी-२०७/०३ चा उरलेला साठा बाजारातून परत मागवावा. इतर गावांत ही पाकिटे कुठे गेली, हे आपल्याच वितरणाच्या नोंदीत असणार. गिरणीतल्या चाळण्या, रवा साठवायच्या टाक्या आणि पॅकिंग विभागाची तपासणी करावी, आणि दोष कुठे सापडला, काय केले, हे मला लेखी कळवावे. पैसे परत दिलेत तर घेईन, पण बदली पाकीट किंवा भेटवस्तू पाठवू नये. आमच्या चटणीत एखाद्या गिऱ्हाइकाला खडा लागला तर आम्ही त्या दिवसाचा सगळा घाणा उघडून बघतो. नऊ बायकांच्या गटाला हे जमते, तर आपल्यालाही जमायला हवे.

किडे किंवा अळ्या लागलेले अन्न हे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार 'असुरक्षित अन्न' ठरते. आपले अन्न कायद्याप्रमाणे नाही असे मानण्यास कारण मिळाले, तर ते बाजारातून मागे घेण्याची जबाबदारी कलम २८ ने उत्पादकावरच टाकली आहे. हे पत्र मिळाल्यावर ते कारण आपल्याला मिळालेच आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात न फोडलेले पाकीट घेऊन जाईन, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन.

मूळ पाकिटे मी पोस्टाने पाठवणार नाही. आपला प्रतिनिधी घरी आला तर फोडलेल्या पाकिटातला थोडा रवा पंचासमक्ष, सही घेऊन देईन. न फोडलेले पाकीट माझ्याकडेच राहील. येण्याआधी एक दिवस कळवावे, म्हणजे दुकानदारांनाही बोलावून ठेवता येईल.

कळावे,

आपली,
सौ. वैशाली शिवशरण कुंभार
जुळे सोलापूर, सोलापूर

सोबत :
१) दि. ६ मे २०२५ च्या पावतीची छायाप्रत
२) दोन्ही पाकिटांची पुढची व मागची बाजू, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि परवाना क्रमांक दिसतील असे सहा फोटो
३) परातीतल्या किड्यांचे व चाळणीतल्या अळ्यांचे तीन फोटो
४) न फोडलेल्या पाकिटाचा व्हिडिओ (पेन ड्राइव्हमध्ये)

प्रत माहितीसाठी : संबंधित किराणा दुकानदार