फ्लॅट 703 ची टूर, फायनल व्हॉइसओव्हर

[लिफ्टचं दार उघडतं]

नमस्कार मंडळी. तुमच्याकडे आत्ता मध्यरात्र असेल किंवा ऑफिसची घाई असेल तर हे नंतर निवांत बघा, आणि जमलं तर हेडफोन लावा, ते कशासाठी ते हॉलमध्ये कळेल. कुठेही पॉज करून बोटाने स्क्रीन फिरवली की मागचं, वरचं, सगळं दिसतं, सीलिंगसुद्धा.

आत जायच्या आधी एक सांगते. हा 360 डिग्रीचा कॅमेरा आहे, लेन्स एकदम वाइड, त्यामुळे खोली असते त्यापेक्षा मोठी वाटते. म्हणून सगळ्या खोल्यांत फरशीवर पिवळ्या टेपच्या पट्ट्या लावल्यात, एक पट्टी बरोबर 3 फुटांची. डोळ्याला काय वाटतं ते सोडा, पट्ट्या मोजा.

[दार उघडतं, हॉल]

हा हॉल. लांबीला पाच पट्ट्या आणि वर एक फूट, म्हणजे 16, रुंदी 11. मधे टेपने जो चौकोन काढलाय ना तो तीन सीटर सोफा, 7 बाय 3, तो ठेवल्यावर चालायला किती जागा उरते ते आता तुम्हीच बघा. शूटिंग सकाळी 9.40 ला केलंय, बाल्कनी पूर्वेला आहे त्यामुळे इतका उजेड दिसतोय. दुपारी असा नसतो हं! कोपऱ्यातल्या सूर्याच्या चिन्हावर टॅप केलं की हीच जागा दुपारी साडेचारला दिसेल, तेव्हा लाइट लावावाच लागतो.

आता हेडफोनचं. खिडकी उघडतेय आणि दहा सेकंद गप्प बसतेय.

[दहा सेकंद फक्त बाहेरचा आवाज]

तो जो फुस्स आवाज आला तो बसच्या ब्रेकचा, खाली स्टॉप आहे. आता खिडकी लावते.

[दहा सेकंद]

कमी झाला, बंद नाही झाला. झोप सावध असेल तर मागची बेडरूम घ्या, तिकडे हा आवाज पोचत नाही.

[किचन]

किचन 10 बाय 8. फ्रीजची जागा 2 फूट 4 इंच रुंद आहे, साधा डबल डोअर बसतो, साइड बाय साइड घ्यायचा असेल तर तो विचार इथेच सोडा. नळाखाली 10 लिटरची बादली ठेवलीय, स्क्रीनवर टायमर चालू आहे बघा... भरली, 1 मिनिट 5 सेकंद. फार जोर नाही, पण कामाला पुरतो.

[बेडरूम]

मागची बेडरूम 12 बाय 11, दुसरी 11 बाय 10, दोन्ही रिकाम्या आहेत, वेगळं सांगण्यासारखं काही नाही, पट्ट्या मोजा आणि पुढे चला.

[बाथरूम]

इथे मात्र थांबा. दार अर्धं लावते, कारण उघडं दार याच भिंतीला टेकतं आणि मग हे झाकलं जातं. खाली, घोट्याच्या उंचीला, तळहाताएवढा पिवळट डाग आणि रंगाचे पोपडे दिसतायत? ओल आहे. मालक म्हणाले शूटिंगच्या आधी रंग मारून देतो, मीच नको म्हटलं. प्लंबरच्या मते शॉवरचा जॉइंट आतून गळतोय. दुरुस्ती मालकांच्या खर्चाने होणार, भिंत फोडल्यावरचे फोटो आणि बिल तुम्हाला येईल आणि भिंत पूर्ण सुकल्यावर पुन्हा व्हिडिओ काढू, त्याआधी टोकन देऊ नका. आता टाइल्सवर नाण्याने वाजवते, ऐका... टक, टक, टक, ठब. ही शेवटची आतून पोकळ आहे, बदलावी लागेल.

[बाल्कनी]

प्लॅन टूरखाली जोडलाय. कार्पेट एरिया 640 चौरस फूट, बाल्कनीचे 36 त्यात धरलेले नाहीत.

घर आवडलं तर आधी लाइव्ह व्हिडिओ कॉल करू, वेळ तुम्ही सांगा, पहाटेची असली तरी चालेल. कॉलवर मी नाही, तुम्ही सांगायचं कुठलं कपाट उघडू, कुठला फ्लश ओढू. वकील तुमचा तुम्ही बघा, आमच्या ओळखीचा घेऊ नका. सहीला येणं जमणार नसेल तर घरच्या माणसाच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी करता येते, पण ती याच एका व्यवहारापुरती ठेवा, सरसकट सगळे अधिकार देऊन बसू नका. भारत आणि तुम्ही राहता तो देश, दोन्ही 1961 च्या हेग कराराखाली असतील तर त्या कागदावर बहुतेक वेळा अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, चालतं, नाहीतर वकिलातीत खेटे घालावे लागतात. नेमकं काय लागेल ते वकिलाला विचारा.

आणि हो, पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी "अकाउंट नंबर बदललाय" असा मेल आला, अगदी माझ्या नावाने आला तरी, पैसे थांबवा आणि व्हिडिओ कॉलवर माझं तोंड बघून नंबर विचारा.

[दार बंद होतं, कुलूप लागल्याचा आवाज]