ग्रहण दर महिन्याला का होत नाही? बोलायची आणि क्लिकची संहिता

सुरू करण्याआधी, फक्त तुझ्यासाठी

व्याख्यान बारा मिनिटांचं आहे. नुसतं वाचलंस तर सात मिनिटांत संपेल. उरलेली पाच मिनिटं चित्रं हलायला आणि समोरच्यांनी विचार करायला ठेवली आहेत, ती खाऊ नकोस.

▶ दिसलं की बटण दाबायचं. खुणेच्या लगेच पुढचा शब्द तोंडातून निघतो, तेव्हाच ती गोष्ट पडद्यावर उमटायला हवी. ॥ म्हणजे गप्प. चौकोनी कंसातलं बोलायचं नाही.

फाइलमध्ये सगळं `On Click` वर आहे. दोन गोष्टी जोडीनं यायला हव्यात तिथे दुसरी `With Previous` केली आहे. `After Previous` मुद्दाम कुठेच ठेवलेलं नाही. त्यात चित्र आपल्या वेळेनं येतं आणि बोलणारी त्याच्यामागे धावत सुटते. शब्द आणि आकडे `Fade` नं येतात, अर्ध्या सेकंदात. खरोखर हलतात त्या दोनच गोष्टी: चंद्र आणि सावली. बाकी काही उड्या मारत, गिरक्या घेत येणार नाही. तू मागच्या वेळी मागितलेली उसळणारी अक्षरं मी काढली आहेत, त्यावरून भांडण नंतर करू.

"पुढे बघा", "आता स्लाइडवर काय आलंय" असं काही म्हणायचं नाही. आलेलं त्यांना दिसतंच.

स्लाइड १

[पडद्यावर फक्त प्रश्न. वाचून दाखवू नकोस, तू माइकपाशी पोचेपर्यंत सगळ्यांनी वाचलेला असतो.]

नमस्कार. आज मी एकच प्रश्न घेऊन आले आहे आणि तो मागे लिहिलेला आहे. उत्तर एका वाक्यात सांगता येतं. पण ते वाक्य आत्ताच सांगितलं तर तुम्ही माना डोलवाल आणि घरी जाईपर्यंत विसराल. म्हणून आधी आपण सगळे मिळून चुकीचं उत्तर तयार करू.

स्लाइड २

[▶ नं पडदा पूर्ण काळा. ॥ दोन सेकंद.]

डावीकडे ▶ सूर्य. त्याच्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर ▶ पृथ्वी. आणि पृथ्वीपासून ३,८४,४०० किलोमीटरवर, तिच्याभोवती फिरणारा ▶ चंद्र. चित्र अर्थातच प्रमाणात नाही. तसं काढायचं तर हा पडदा पुरला नसता.

[हे दोन आकडे पडद्यावर येत नाहीत. इथे ते कानावरून गेले तरी चालतात. चंद्राचं अंतर पुढे लागेल, तेव्हा दिसेल.]

चंद्र भरीव गोळा आहे, तो ऊन अडवतो. म्हणून त्याच्या मागे पडते ▶ सावली.

[काळा सुळका दोन सेकंदांत लांबत जाऊन पृथ्वीला टेकतो. टेकेपर्यंत ॥]

सावलीचं टोक जिथे टेकलं, तिथे उभ्या असलेल्या माणसानं वर बघितलं तर सूर्य झाकलेला दिसेल. यालाच म्हणतात ▶ सूर्यग्रहण.

[नाव सगळ्यात शेवटी, हे लक्षात ठेव. आधी नाव आलं तर लोक ते वाचतात आणि सुळका कुणी बघत नाही.]

आता चंद्राला पृथ्वीच्या पलीकडे ▶ नेऊ. [अर्धं वर्तुळ, चार सेकंद. ॥] या वेळी सावली पृथ्वीची, आणि तिच्यात बुडालेला चंद्र. ▶ चंद्रग्रहण.

स्लाइड ३

[नवी स्लाइड कोरी आहे. त्यावर काहीच नसताना बोलायचं.]

आपण काढलेल्या चित्रात चंद्र एका फेरीत एकदा सूर्याच्या आड येतो. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५ दिवस लागतात. मग वर्षात किती सूर्यग्रहणं व्हायला हवीत? ॥

[इथे घाई केलीस तर सगळं फसेल. कुणीतरी बोलेपर्यंत थांब. समोरून "बारा" ऐकू आलं की तू तो शब्द म्हणायच्या आतच क्लिक कर, म्हणजे आकडा त्यांच्या तोंडून पडद्यावर गेल्यासारखा वाटतो. कुणीच बोललं नाही तर पाचपर्यंत मनात मोजून तूच म्हण.]

▶ बारा. एखाद्या वर्षी तेरा. आणि प्रत्यक्षात, सगळ्या पृथ्वीवर कुठेही दिसणारी धरून, होतात ▶ दोन ते पाच. बहुतेक वर्षी तर दोनच.

[दोन्ही आकडे शेजारी राहतात. त्यांच्याकडे बघत ॥, मग वळ.]

म्हणजे आपलं चित्र चुकलं आहे. सूर्य बरोबर, चंद्र बरोबर, सावलीही बरोबर. मग चूक कुठे आहे?

स्लाइड ४

[संहितेचा गाभा हाच. दहा वेळा सराव करायचा असेल तर दहाही वेळा हीच स्लाइड कर.]

आतापर्यंत आपण वरून बघत होतो. आता बाजूनं ▶ बघू.

[हे स्लाइड बदलणं आहे, `Morph`, तीन सेकंद. वर्तुळं चपटी होत रेषा होतात. "बघू" म्हणून झाल्यावर ॥, रेषा थांबेपर्यंत.]

ही आडवी रेषा म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची ▶ पातळी. चंद्रही याच रेषेवर फिरतो, असं आपण न बोलता धरून चाललो होतो. तो फिरतो ▶ असा. [दुसरी रेषा कलते. हातानं दाखवू नकोस.] हा कल आहे साधारण ▶ पाच अंश.

पाच अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, त्याहूनही थोडं कमी. एवढ्यानं ग्रहण चुकायला नको, असंच वाटतं ना? ॥

चंद्र जवळ असता तर चुकलंही नसतं. पण तो आहे ▶ ३,८४,४०० किलोमीटरवर. एवढ्या अंतरावर पोचेपर्यंत पाच अंशांची फट रुंदावत जाते आणि तिथे ती होते सुमारे ▶ ३४,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२. या फटीत उभ्या रचून बसते ▶ एक पृथ्वी, ▶ दोन पृथ्व्या, आणि ▶ तिसरीही बरीचशी.

[हे तीन क्लिक एकसारख्या तालात. तिसऱ्या पृथ्वीचा वरचा भाग कापलेला आहे. तो तसाच हवा, "चित्र तुटलं" म्हणून मला फोन करू नकोस.]

आता अमावास्या पुन्हा घडवू. चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधे आला. त्याची सावली ▶ निघाली.

[पाच सेकंद. सुळका पृथ्वीच्या बराच वरून निघून जातो. एकही शब्द नाही, खोकलासुद्धा नाही. ॥ सुळका पडद्याच्या कडेला पोचला की:]

चुकली.

[यावर क्लिक नाही. हसू आलं तर येऊ दे.]

स्लाइड ५

मग ग्रहण होतं तरी कसं? कललेली रेषा आडव्या रेषेला छेदते ▶ इथे आणि ▶ इथे. या बिंदूंना पात म्हणतात. चंद्र पातावर असतो तेव्हा तो वरही नसतो, खालीही नसतो.

["इथे" दोनदा, ठिपके दोनदा. दोन्ही एकाच क्लिकवर आणायचा मोह मला झाला होता, पण मग दुसऱ्या "इथे"ला काही अर्थच उरत नाही.]

तेवढं पुरत नाही. त्याच वेळी सूर्यही पातांना जोडणाऱ्या ▶ रेषेत हवा. तो तिथे येतो साधारण दर ▶ १७३ दिवसांनी. कुणी म्हणेल, अर्धं वर्ष म्हणजे १८२ की १८३ दिवस, मग हे नऊ-दहा दिवस गेले कुठे? पात स्वतःच सूर्याच्या उलट दिशेनं हळूहळू ▶ सरकतात. त्यांची एक पूर्ण फेरी होते १८.६ वर्षांत. सूर्य पोचेपर्यंत पात थोडा पुढे येऊन भेटतो.

सूर्य पातापासून थोडा अलीकडे-पलीकडे असला तरी चालतं. त्यामुळे ग्रहणाचा हंगाम टिकतो ▶ सुमारे ३४ दिवस. अमावास्या येते २९.५ दिवसांनी. हंगाम अमावास्यांमधल्या अंतराहून मोठा, म्हणून प्रत्येक हंगामात एक तरी अमावास्या सापडतेच. वर्षात दोन हंगाम, आणि म्हणून ▶ किमान दोन सूर्यग्रहणं.

[शेवटच्या क्लिकवर स्लाइड ३ मधला "दोन ते पाच" परत येतो, जोडीनं. तो वाचायचा नाही.]

स्लाइड ६

[ही भरभर. वेळ संपत आला असेल तर गाळलीस तरी चालेल.]

सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ▶ ४०० पट. सूर्याचं अंतरही जवळपास तितकेच पट. म्हणून दोघं आकाशात सारखेच दिसतात. चंद्र जवळ असेल तेव्हा ▶ खग्रास, लांब असेल तेव्हा कडेनं सूर्य उरतो आणि होतं ▶ कंकणाकृती.

स्लाइड ७

आता ते एक वाक्य. चंद्राची कक्षा ▶ पाच अंश कललेली आहे, म्हणून त्याची सावली बहुतेक अमावास्यांना पृथ्वीच्या ▶ वरून किंवा खालून जाते, आणि पातांजवळ आली तरच ▶ टेकते. काही विचारायचं असेल तर विचारा.

हाताशी ठेवायचं

चुकून दोनदा दाबलं गेलं तर डावा बाण, आणि बोलणं चालूच. माफी मागू नकोस, कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. फक्त स्लाइड ४ वर सावली आधीच निघाली तर मागे येऊन म्हण, "ही सावली पुन्हा एकदा नीट बघू," आणि तिथूनच पुढे.

मध्येच लांबलचक प्रश्न आला तर `B` दाब. पडदा काळा होतो आणि माणसं तुझ्याकडे बघतात. पुन्हा `B` दाबलं की होतं तिथूनच चालू.

राहू-केतूबद्दल कुणीतरी विचारणारच. त्यासाठी स्लाइड ८ लपवून ठेवली आहे: `8` आणि मग `Enter`. तिथे स्लाइड ५ चेच दोन ठिपके आहेत. म्हण: "भारतीय ज्योतिर्गणितात याच दोन पातांना ▶ राहू आणि ▶ केतू म्हणतात. चंद्र जिथून वर चढतो तो राहू, जिथून खाली उतरतो तो केतू. ग्रहण सावल्यांमुळे होतं हे आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे."

ग्रहण बघायचं कसं, असा प्रश्न आला तर `9` आणि `Enter`. त्यावर एकच ओळ आहे, ती मात्र वाचून दाखव: "खग्रासाचा पूर्ण झाकलेला काळ सोडून सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, चष्मा घ्यायचा तर त्यावर ISO 12312-2 लिहिलेलं हवं आणि भिंगावर ओरखडा नको." गॉगल चालेल का, असं विचारलं तर नाही म्हण, कितीही काळा असला तरी.